सात ते दहा

माझा नवरा संध्याकाळी सात वाजता झोपायला जातो आणि दहा वाजता झोपतो. मधले तीन तास तो अंथरुणात पडून जगाची काळजी वाहतो. रात्री दोनला उठून त्याला खाली भट्टी पेटवायची असते, म्हणजे झोप उरते चार तास. यावर मी काही बोलले की म्हणतो, "फक्त बातम्या बघून ठेवतोय." जणू द्रियानोवोसारख्या लहान गावातल्या एका पाववाल्याने बघितल्या नाहीत तर बातम्या घडायच्या थांबतील.

रांगेल तसा वाईट माणूस नाही. हे मी स्वतःलाच रोज सांगते. पण अंगठ्याने फोनची काच वर सरकवत पडलेल्या माणसाच्या शेजारी कधी झोपून बघा. कुठे पूर आला, कुठे बाँब पडला, कुठे कुठला मंत्री चोर निघाला. बातमी संपली की तिच्याखालची लोकांची भांडणं, आणि भांडणं संपली की दुसरी बातमी. मध्येच सुस्कारा टाकून म्हणणार, "झ्द्राव्का, हे बघितलंस का?" अरे, मी का बघू? मला सकाळी सहाला दुकान उघडायचंय.

हे सगळं मी पोटात घातलं असतं. पण मार्चमध्ये तो मीठ विसरला.

बालवाडीच्या पावात. रोज पंचेचाळीस पाव, सुट्टीचे दिवस सोडून वर्षभर. त्या पावांवर आमची भट्टी चालते, दुकानातल्या फुटकळ गिऱ्हाइकांवर नाही. ते गेले तर भट्टी थंड होईल, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आणि पंधरा दिवसांनी या बाबाने मीठ दोनदा टाकलं. बालवाडीची स्वयंपाकीण त्सोन्काताई स्वतः गाडी घेऊन आली, तो पाव माझ्यासमोर काउंटरवर ठेवला आणि म्हणाली, "झ्द्राव्का, पोरं दिवसभर पाणी पिऊन पिऊन दुपारी अंथरुणं भिजवताहेत. तिसऱ्यांदा असं झालं तर मी कारखान्याचा पाव घेईन. मला वाईट वाटेल, पण घेईन."

तेव्हापासून ती पाव नेण्याआधी एकाचा कोपरा मोडून चाखते. रोज, माझ्या डोळ्यांदेखत.

मग मी कंबर कसली. आमची मुलगी रालित्सा लाइपझिगला नर्स आहे. तिने फोनवरून सांगितलं, "बाबांच्या फोनला वेळेची मर्यादा घाल." घातली. सव्वासातला पडद्यावर पाटी आली, आजची वेळ संपली. रांगेलने अंगठा दाबला, आणखी पंधरा मिनिटं. पुन्हा पाटी, पुन्हा अंगठा. तिसऱ्या दिवशी तर पाटी न वाचताच दाबायला लागला. मग रालित्सा म्हणाली, रंग काढून टाक, सगळं काळंपांढरं कर म्हणजे कंटाळा येईल. तेही केलं. रांगेल म्हणाला, "छान दिसतंय, जुन्या सिनेमासारखं."

"फोन स्वयंपाकघरात ठेव," मी म्हटलं.

"मग दोनला उठू कसा?"

मी बाजारातून चावीचं घड्याळ आणलं. त्याचा गजर असा की खालच्या मजल्यावरचं मांजर पळून गेलं.

"आणि रालित्साचा फोन आला तर? रात्रपाळीत तिला काही झालं तर?"

हे मात्र खरं होतं. आई मीही आहे. पण रालित्सानेच उपाय सांगितला. फोनमध्ये अशी सोय आहे की रात्री बाकी सगळं गप्प राहतं, आणि आपण निवडलेल्या दोन-चार नंबरांचीच घंटी वाजते. तिचा नंबर निवडला, माझ्या सासूबाईंचा निवडला. घंटीचा आवाज पूर्ण केला, फोन ओट्याच्या टोकाला चार्जिंगला लावला आणि दार बंद केलं. आता याच्याकडे सबब उरली नाही, असं वाटून मी त्या रात्री गाढ झोपले.

मध्येच जाग आली तर शेजारची जागा रिकामी. हा आतल्या चड्डीवर ओट्यापाशी उभा, गार लादीवर अनवाणी, हातात फोन.

"पाणी प्यायला आलो होतो," म्हणाला.

"कुठंय पाणी?"

त्याने आजूबाजूला पाहिलं. पेलासुद्धा घेतला नव्हता. माझी सहनशक्ती तिथे संपली. मी फोन हिसकावला, खाली गेले आणि पिठाच्या पिंपात कोंबला. दुसऱ्या दिवशी चार्जिंगच्या भोकात पीठ जाऊन फोन बंद पडला. तो दुरुस्त करून आणायला मलाच जावं लागलं, आणि दुरुस्तीवाल्याने विचारलं, "बाई, हे गेलं कसं यात?" काय सांगणार, कप्पाळ?

त्या संध्याकाळी मी आरडाओरडा केला नाही, कारण अंगात त्राण नव्हतं. नुसतं विचारलं, "रांगेल, तुला काय मिळतं रे त्यात?"

तो म्हणाला, "काही नाही मिळत. वाचून आणखी भीती वाटते. पण रात्री दोनपासून मी एकटा असतो, मी आणि भट्टी. तू येतेस तेव्हा गिऱ्हाइकं येतात. दुपारी तू हिशेबात असतेस, संध्याकाळी मालिका लावतेस. सात ते दहा, एवढेच काय ते तास माझे असतात. ते झोपेत घालवायचे जिवावर येतं."

मला राग आला. आधी त्याचा, कारण हे पंचवीस वर्षांत कधी बोलला नाही. मग स्वतःचा, कारण मी कधी विचारलं नाही. पण रागाने पाव भाजले जात नाहीत. आम्ही टेबलाशी बसून ठरवलं, आणि या वेळी त्याने ठरवलं, मी नाही. बातम्या वाचायच्या, पण सकाळी अकराला, भट्टी झाडून झाल्यावर, खुर्चीत बसून, एक कॉफी संपेपर्यंत. लोक नुसते भांडत असतात ते अ‍ॅप त्याने स्वतःच्या हाताने काढून टाकलं. संध्याकाळी सहाला फोन ओट्यावर. मग मालिका बंद, आणि आम्ही दोघं टेबलाशी अक्रोड फोडत बसायचं. हात गुंतले की ते फोन शोधत नाहीत, असं तो म्हणाला. आणि बोलायचं. पहिल्या दिवशी बोलायला काही सुचलंच नाही, दोघांनी मुकाट्याने दोन किलो अक्रोड फोडले. दुसऱ्या दिवशी त्याने भट्टीच्या धुराड्याबद्दल सांगितलं. एवढा वेळ कुणी धुराड्याबद्दल बोलू शकतं, हे मला ठाऊक नव्हतं.

शिवाय मिठाची खबरदारी म्हणून ते काम मी माझ्याकडे घेतलं. वीस किलो पिठाला दोनशे चाळीस ग्रॅम. संध्याकाळी मीच मोजून कोरड्या पिठात कालवून पीठ मळायच्या यंत्राच्या भांड्यात ठेवायचं. रात्री त्याने फक्त पाणी आणि यीस्ट घालायचं. झोपाळू माणसावर मीठ सोपवायचं नाही, हे मी त्याच्या तोंडावर सांगितलं.

आठवड्याभरात तो साडेसातला घोरायला लागला. अधूनमधून हात उशीखाली चाचपडायचा, पण घोरायचा. दहाव्या दिवशी तो असाच झोपल्यावर मी पीठ भांड्यात ओतून वर आले, कारण मिठाचा डबा वर राहिला होता. डबा ओट्यावर, त्याच्या फोनशेजारी. मला वाटलं, बघावं तरी, याने चोरून पाहिलं तर नाही ना. तो उघडायचा आकडा मला ठाऊक आहे, रालित्साचं जन्मसाल. उघडला. भांडणांचं अ‍ॅप नव्हतं, पण बातम्यांचं पान होतं. कुठेतरी पूर आला होता आणि छपरावर एक म्हातारा कुत्र्याला पोटाशी धरून बसला होता.

म्हाताऱ्याला छपरावरून उतरवलं की नाही, एवढंच मला बघायचं होतं. खाली दुसरी बातमी होती, तिच्याखाली तिसरी. त्या बातमीखाली प्लेवेन शहरातली एक बाई कुणा डॉक्टरशी भांडत होती आणि ती साफ खोटं बोलत होती. तिला उत्तर देणाऱ्यांपैकी एकालाही नीट उत्तर देता येत नव्हतं. मान वर केली तेव्हा खिडकी काळी झाली होती आणि मध्येच करून घेतलेला चहा न पिताच गार. सव्वादहा. म्हाताऱ्याचं काय झालं ते कळलंच नाही. मी चोरासारखी जाऊन त्याच्या शेजारी पडले.

पहाटे साडेपाचला डोळे उघडले आणि पहिला विचार आला तो मिठाचा.

मी जिना कसा उतरले, मला आठवत नाही. पायात एकच चप्पल होती. पाव भट्टीत चढलेले, वरून सोनेरी होत आलेले. आता देवही त्यात मीठ घालू शकला नसता. रांगेल पाव काढायचं लांब फावडं टेकवून उभा होता.

"रांगेल, मीठ," मी म्हटलं.

"घातलं."

"मी नव्हतं घातलं."

"माहितेय. अडीचला पीठ हाताला सैल लागलं, चिकटत होतं. चाखलं. यंत्र चालूच होतं, दोनशे चाळीस मोजून टाकलं आणि आणखी चार मिनिटं मळलं." तो फावड्याकडे बघत बोलत होता. "झोप झालेली असली की हाताला कळतं."

"मी फक्त पाच मिनिटं बघत होते," मी म्हटलं. "तू पाहिलंस का तेवढं तपासत होते."

त्याने भट्टीचं दार उघडलं आणि पहिला पाव फावड्यावर घेतला. ओरडला असता तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं.

सातला त्सोन्काताई आली. नेहमीप्रमाणे एका पावाचा कोपरा मोडला, तोंडात टाकला, सावकाश चावला. मी काउंटरची कड धरून उभी होते. तिने दुसरा घास घेतला आणि म्हणाली, "बरोबर. गेले दहा दिवस अगदी बरोबर आहे. काय केलंत हो तुम्ही?"

रांगेल पिठाने माखलेले हात पुसत दारात आला. "मीठ आता झ्द्राव्का बघते," म्हणाला. "मला विसरायला होतं."

"तरीच," त्सोन्काताई म्हणाली आणि माझा हात दाबला. "घरात एक तरी माणूस जागेवर हवं गं."

मी तिला पंचेचाळीस पाव मोजून दिले.