आबांच्या भुवया

आबा एसटीतून उतरले तेव्हा माकडटोपी पार डोळ्यांवर ओढलेली होती. जानेवारीच होता, पण सांगलीत दुपारी अशी टोपी कुणी घालत नाही.

"कान दुखतायत का?" मी विचारलं.

"कान न्हाई. घरी चल आधी."

खोलीचं दार लावल्यावर त्यांनी टोपी काढली, आणि मला खुर्चीत बसावं लागलं. डोक्यावर डांबर ओतल्यासारखे काळेभोर केस, आणि खाली दोन पांढऱ्याशुभ्र भुवया.

"हस. हसून घे. इस्लामपूरच्या स्टँडवर समदी हसली, तवा ही टोपी घातली."

"कुणी केलं हे?"

"केरबा न्हाव्यानं. कलप लावून दीड तास बसवलं मला. भुवयांना लाव म्हटलं तर म्हणतो, सुभेदार, डोळ्याजवळ कलप न्हाई लावणार, डोळा गेला तर बायको मला जेवायला घालणार न्हाई."

"केरबा शहाणा आहे."

"शहाणा हाय, पर उद्या साताऱ्याला पलटणीचा मेळावा हाय. हे असं तोंड घेऊन मी जायचा न्हाई."

दर वर्षी या मेळाव्याला आई बरोबर जायची. ती वारून सात महिने झाले होते. कलपही तीच लावायची. तिच्यामागे आबांनी तो सोडून दिला आणि बघता बघता डोकं पांढरं झालं. कीव केलेली त्यांना चालत नाही. उद्या सगळ्यांनी त्यांना बघून मान हलवावी, एवढंच त्यांना नको होतं. ते न बोलताही मला कळलं.

मी मुलींच्या शाळेत शिकवते आणि गॅदरिंगच्या नाटकांची रंगभूषा माझ्याकडे असते. रंगपेटी कपाटावरून काढली. भुवयांच्या पेन्सिली तीन: काळी, तपकिरी, राखाडी.

"काळीच लाव," आबा म्हणाले. "केस काळे, भुवया काळ्या. हिशोब सरळ."

लावली. आरशात बघून ते स्वतःच दचकले.

"ह्यो कोण गं? दरोडेखोर?"

"तुम्हीच सांगितलंत."

"पुस अगोदर. माझ्याच घरात मला कुणी आत घ्यायचं न्हाई."

खोबरेल तेलाने पुसलं. मग साबणाने तोंड धुवून कोरडं करायला लावलं, कारण तेलकट केसांवर पेन्सिल धरत नाही. आबा कवायतीत उभं राहावं तसे ताठ बसले.

"डोळे मिटा. भुवई केसांपेक्षा जरा फिकी हवी, तर चेहरा आपला वाटतो. आधी राखाडी, म्हणजे पांढरं मोडेल. वरून तपकिरी."

"एक रेघ ओढ की सरळ."

"सरळ रेघ नाही. केस जिकडे वळतात तिकडे बारीक बारीक रेघा."

"व्हय," ते मिटल्या डोळ्यांनी म्हणाले. "ती बी तसंच करायची."

माझा हात थांबला.

"काय करायची?"

"काजळी. बदाम जाळून धरायची. त्यात कणभर राख, वातीच्या टोकानं. मी म्हणायचो, पोरांस्नी कळू दिऊ नगं. आन् डोक्याचा कलप अर्ध्या तासात धुवून टाकायची. केरबाला ते सांगायचंच राहिलं."

इतकी वर्षं मेळाव्याच्या सकाळी त्यांच्या खोलीचं दार लागलेलं असायचं. आई पदकं पुसत असेल, असं मी धरून चालले होते.

"हलू नका," मी म्हटलं. जुन्या टूथब्रशने भुवया विंचरल्या. टोकाशी चार पांढरे केस मुद्दाम तसेच ठेवले. आबांनी आरशात बराच वेळ पाहिलं.

"चालंल. केस अजून लय काळं हायत. पर माणूस दिसतो."

"फेटा बांधा, केस झाकतील."

"मग भुवयाच दिसायच्या," ते म्हणाले, आणि पहिल्यांदा हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच केलं आणि साताऱ्याला गेलो. मंडपाच्या दाराशी त्यांचे जुने सोबती दादासो भेटले. आबांसारखेच ताठ. फेटा हातात, डोकं कोळशासारखं काळं, खाली भुवया पांढऱ्या. दोघं एकमेकांकडे बघत राहिले.

"वहिनी गेल्याचं कळलं, आकाराम," दादासो हळूच म्हणाले. "वाटलं, तू येतोस का न्हाई."

"आलो की." आबांनी त्यांच्या चेहऱ्याकडे पुन्हा पाहिलं. "गड्या, हे डोकं कुणी केलंय?"

"सुनेनं. का रं?"

"लय ग्वाड सून हाय. पर तुझ्या भुवया घरीच ऱ्हायल्या."

दादासोंनी झटक्यात कपाळावर हात धरला. आबांनी माझ्याकडे न बघताच हात पुढे केला.

"शालन, राखाडी दे. मग तपकिरी."

पर्स उघडून मी दोन्ही दिल्या. मंडपामागच्या खुर्चीवर त्यांनी दादासोंना बसवलं.

"डोळं मीट. हलू नगं."

आणि आबा बारीक बारीक रेघा ओढू लागले, केस जिकडे वळतात तिकडे.