घंटेवरची तिसरी रेघ

निरवांगीचे म्हस्कूआबा पुतण्या बिराला घेऊन बारामतीत माझ्या कॉम्प्युटरच्या दुकानात आले. बिरोबाच्या देवळासाठी बिराने नवी पितळी घंटा आणली होती. जत्रेच्या पत्रकासाठी तिच्या फोटोचं कार्टूनसारखं चित्र हवं होतं.

फोटोतल्या उजेडाचे मी तीनच टप्पे ठेवले: लख्ख, मध्यम, काळपट. मग जिथं उजेड एकदम बदलतो तिथं कॉम्प्युटरला काळी रेघ काढायला लावली. कडेनं ठसठशीत रेघ आली, पण घंटेच्या पोटावरही तीन उमटल्या.

"तडा हाय का रं?" आबांनी बिराकडं रोखून पाहिलं.

"बाईंनीच काढल्यात त्या रेघा," बिरा म्हणाला.

माझं डोकंच फिरलं. "उजेडाचे दोन टप्पे भेटतात तिथंही रेघ पडते. आता मी टप्प्यांच्या सीमा सरकवते. नुसती सीमा असेल तर रेघ सरकेल. तडा कशाला सरकतोय?"

दोन रेघा सरकल्या. तिसरी होती तिथंच राहिली.

बिरा चपला शोधू लागला.

"देवळात टांगायच्या आधी घंटा वाजवायची न्हाय, असं तूच म्हणला व्हतास न्हवं?" आबा उठले. "चल. घरी जाऊन आधी वाजवू."