सातव्या नंबरचं रक्त

पंचशीलेचा आलेख भिंतीवर लागला, त्या दिवसापासून तेजश्रीला प्रयोगशाळेत जेवण गेलं नाही. आलेखात खोट नव्हती, हेच तर दुखणं होतं.

केजच्या फार्मसी कॉलेजात एम.फार्म. करणाऱ्या या दोघी. विषय एकच, ग्रीन टीतलं कॅटेचिन. पंचशीलेच्या वाट्याला काचेच्या नळ्या आल्या. सीओएमटी नावाचं एन्झाइम आहे, ॲड्रेनालिनसारखी द्रव्यं निकामी करणारं. एन्झाइममधल्या ज्या खाचेत ॲड्रेनालिन बसतं, तिथं कॅटेचिन जाऊन ठाण मांडतं आणि एन्झाइमचं काम मंदावतं. कॅटेचिन वाढवलं की काम घटतं, कितीदाही करून बघा. रेघ कशी सुतासारखी उतरली होती.

तेजश्रीच्या वाट्याला माणसं आली. बारा जण, सारखी कॅप्सूल, सारखा उपाशीपोटी डोस, मग रक्तात कॅटेचिन किती पोचलं ते मोजायचं. एकाचा आकडा चाळीस, दुसऱ्याचा साडेतीनशे! मार्गदर्शक विजयसिंह सर कागद बघून म्हणाले, "तेजश्री, हात साफ नाही तुझा. पंचशीलेकडून शीक जरा."

हे वाक्य तिला असं झोंबलं की विचारू नका. वर हैदराबादच्या परिषदेला कॉलेजातून एकच जण जाणार होता, आणि कोण ते सांगायला ज्योतिषी नको होता.

नळीला आतडं नसतं, ही साधी गोष्ट सरांना कोण सांगणार? माणसाच्या आतड्यातल्या पेशी आत आलेलं कॅटेचिन परत बाहेर ढकलतात, जंतू त्याचे तुकडे करतात, यकृत त्याला शेपट्या जोडून वाटेला लावतं. ही सगळी यंत्रणा प्रत्येकाची वेगळी, म्हणून आकडे वेगळे. पण सरांना पुरावा हवा होता. "त्याच माणसाचा आकडा तीनदा तसाच आला, तर मानतो," ते म्हणाले.

आणि नशिबाची थट्टा बघा. सगळ्यांत वरचा आकडा सातव्या नंबरचा, आणि सातवा नंबर म्हणजे पंचशीला. माणसं कमी पडत होती म्हणून ती आपणहून आली होती. तेजश्री स्वतः चौथी, तिचा आकडा सगळ्यांत खाली. या बाईचं आतडंसुद्धा माझ्यापेक्षा हुशार, असं म्हणत तेजश्री एकटीच दातओठ खात बसली.

दोन आठवड्यांच्या दोन मोजण्या झाल्या. पंचशीला वर ती वरच, तेजश्री खाली ती खालीच. आता गुरुवारची तिसरी मोजणी तेवढी राहिली. तोवर रोज सकाळी उपाशीपोटी एक कॅप्सूल चालूच होती.

मंगळवारी संध्याकाळी दवाखान्यातून यकृताच्या तपासणीचे कागद आले. सातव्या नंबरचं एसजीपीटी, म्हणजे यकृताला इजा झाली की रक्तात चढणारं एन्झाइम, एकशे अडुसष्ट. चाळीसच्या आत असायला हवं. तिपटीच्या वर गेलं की कॅप्सूल तिथल्या तिथं बंद, असं नियमावलीत लिहिलं होतं. लिहिलं होतं तेजश्रीनंच.

तिनं कागद एप्रनच्या खिशात घातला. उद्या सांगू, असं मनाशी म्हणाली. बुधवारी पंचशीलेनं तिच्यासमोर कॅप्सूल गिळली, वर पाणी प्याली आणि नळ्या धुवायला गेली. तेजश्री बघत होती. तिला हैदराबाद दिसत होतं.

गुरुवारी पंचशीला तिच्या गावाहून, युसूफ वडगावहून, पहिल्या जीपनं आली. बाही वर करून बसली.

"घे रक्त. लवकर घे, लई गळाल्यासारखं व्हतंय दोन दिवस. जेवणावरबी मन न्हाई."

डोसाआधीचं रक्त घ्यायला तेजश्रीनं सुई उचलली. पंचशीलेच्या डोळ्यांतला पांढरा भाग किंचित पिवळट होता, की उजेडाचा भास? तिनं सुई खाली ठेवली आणि कॅप्सूल उचलून मुठीत घेतली.

"ही घेऊ नको. आजही नको, पुढंही नको." कागद तिनं पुढं केला. "आपण आत्ता डॉक्टरांकडं जाऊ."

पंचशीलेनं वाचलं. तिला आकड्याचा अर्थ समजावायची गरज नव्हती.

"मंग तुझी तिसरी मोजणी गेली."

"गेली."

"सर मानायचे न्हाईत तुझं." पंचशीला थोडं हसली. "मी असते तर रक्त घेतल्याबिगर सांगितलं नसतं बघ. तुझ्या आकड्यांवर जळत व्हते मी. नळीत काय, कुणीबी रेघ काढतं. खरी माणसं तुझ्याकडं."

तेजश्रीला हे ऐकून बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली. ती काही बोलणार, तेवढ्यात पंचशीलेचं बोट कागदाच्या वरच्या कोपऱ्यावर थांबलं.

"ही मंगळवारची तारीख हाय."

"हो."

"कालची गोळी मी तुझ्यासमोर घेतली."

"हो," तेजश्री म्हणाली.

पंचशीलेनं बाही खाली ओढली, बटण लावलं आणि कागद घेऊन डॉक्टरांकडं एकटीच निघाली.