आंबोशीतला जवळा

लालबागच्या त्या गल्लीत कौसल्याबाईंची खानावळ म्हणजे सहा बाकडी, दोन चुली आणि दारात एक फळा. आता सांगा, जवळा, पिठी, वालाची उसळ, भात… हे कुठल्याही खानावळीत मिळत असताना माणूस गिरणीतून सुटून इथं कशाला येईल? येत होते ते फळा वाचून. आणि फळा लिहायचा कौसल्याबाईंचा मुलगा सीताराम.

पोरगं विलक्षण होतं हो! जेवायला आलेल्या माणसाच्या शेजारी बसायचं आणि विचारायचं, "तुझी आई कशी करते?" मग फळ्यावर आधी घर, मग पदार्थ. 'धोंडूच्या घरची कुळथाची पिठी. लसूण तांबूस होईस्तोवर परतलेली. भातात खळगा करून ओतावी.' एवढंच. समोरच्या हॉटेलवाल्यानं 'रुचकर व स्वादिष्ट' अशी पाटी रंगवून घेतली तेव्हा सीताराम पोट धरून हसला होता. म्हणाला, "आये, चविष्ट तर कुणीही लिहील. तोंडाला पाणी सुटतं लसणीनं. मग लसूण लिहावी की नाही?" आणि जे पातेल्यात नाही ते फळ्यावर चढवायचं नाही, हा त्याचा नेम. खोबरं संपलं की खोबरं पुसायचा, मग गिऱ्हाईक परत का जाईना.

छप्पन्नच्या जानेवारीत संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर झालेल्या गोळीबारात तो गेला.

त्या सकाळी काय झालं ते कौसल्याबाईंनी कुणालाच सांगितलं नव्हतं. तो ताटावर बसला होता. त्या म्हणाल्या, मोर्चात जायचं नाही. तो म्हणाला, जाणार. तेव्हा बाईंच्या तोंडून निघालं, "मग माझ्या अन्नाला हात लावू नकोस!" पोरगं भरल्या ताटावरून उठलं. संध्याकाळी शेजारचे चौघे त्याच्या खिशातली वही घेऊन दारात येऊन उभे राहिले, तेव्हा ते ताट तसंच झाकलेलं होतं.

तेव्हापासून दोन वर्षं बाई दुपारी जेवल्या नाहीत. गिऱ्हाईक उठलं की पान वाढून घ्यायच्या, घास तोंडाशी न्यायच्या, आणि मनात यायचं, उपाशी गेला माझा. घास ताटात परत. कधी दारातून खडू ओढल्याचा आवाज यायचा. धावत जावं तर फळ्यापाशी कुणी नसायचं.

फळ्यावर आता नुसती नावं असायची. जवळा. पिठी. भात. हळूहळू बाकडी रिकामी राहायला लागली. गिरणीतला जॉबर, म्हणजे मुकादम, बाबुराव आणि त्याच्या खात्यातले आठजण तेवढे टिकून होते. बाबुरावच एकदा म्हणाला, "वैनी, सीतारामाची वही असेल ना? त्यातलं उतरवा की. नाहीतर हे बंद करून गावाला जावं लागेल तुम्हांला."

वही त्या संध्याकाळपासून ट्रंकेत होती. बाई चौथी शिकलेल्या, बोट ठेवून वाचायच्या. रोज एक पान उतरवत गेल्या आणि खरंच माणसं यायला लागली. धोंडूनं स्वतःच्या घरची पिठी फळ्यावर पाहिली आणि डोळे पुसले.

अशी पानं संपत आली. शेवटच्या पानावर पदार्थ होता, पण घर नव्हतं.

'सुका जवळा, आंबोशी घालून. कांदा भरपूर, तेल बेताचं, पाण्याचा थेंब नाही. खोबरं नाही, म्हणून जवळ्याचा खमंगपणा झाकला जात नाही. तव्यावरची भाकरी थेट हातात.'

बाईंना कळेना हे कुणाचं. त्यांच्या घरी जवळ्यात कोकमाची सोलं पडायची आणि खोबरं तर हवंच. पण वहीत आहे म्हणजे खरं आहे. त्यांनी वाळवलेल्या कैरीच्या फोडी आणल्या, भिजत घातल्या. जवळा कोरडा भाजून निवडला, धुतला, परतलेल्या कांद्यात टाकून झाकण ठेवलं. वास गल्लीभर गेला. बाबुरावानं तीनदा मागून घेतला आणि बोटं चाटत विचारलं, "कुणाच्या घरचा हो हा?"

"लिहिलेलं नाही," बाई म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी एक मुलगी फळ्यासमोर येऊन उभी राहिली. अठराएक वर्षांची, हातात पुस्तकं. वाचत राहिली ती हलेचना. बाईंनी विचारलं, "काय गं, जेवायचंय?"

"मावशी, हे आमच्या घरचं आहे. सीतारामदादानं आमच्या उंबऱ्यावर बसून लिहिलं होतं."

"तू कुणाची?"

"मी लतिका. जाईबाईंची." तिनं पलीकडच्या चाळीचं नाव घेतलं. छप्पन्नच्या अखेरीला बौद्ध झालेल्यांची चाळ ती. गल्लीतलं पोरसुद्धा ओळखायचं. आता वहीत घर का नाही ते बाईंना कळलं. सीतारामनं एकदा विचारलं होतं, त्या चाळीतलं घर लिहू का? तेव्हा बाईच म्हणाल्या होत्या, "गिऱ्हाईक उठून जाईल माझं!" पोरानं पदार्थ लिहून ठेवला आणि आईच्या धाकानं घराचं नाव गिळलं.

बाईंनी विचारलं, "कधी लिहिलं त्यानं?"

"त्याच दिवशी, मावशी. दुपारी. जेवल्यावर."

"जेवला? माझा सीताराम जेवला होता? खरं सांग, तुला तुझ्या आईची शपथ!"

"तीन भाकऱ्या खाल्ल्या. जवळा दोनदा घेतला."

बाई तिथंच पायरीवर बसल्या आणि दोन वर्षांचं सगळं रडून घेतलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फळ्यावर सगळ्यांत वर लिहिलं, 'जाईबाईंच्या घरचा'. खाली चाळीचं नावही. बाबुराव दारात थबकला. चपलाही काढल्या नाहीत.

"वैनी, हे काय? जवळा राहू द्या. नाव पुसा."

"त्या दिवशी तीनदा मागितलात."

"तेव्हा ठाऊक नव्हतं! आम्ही मोर्चात खांद्याला खांदा लावतो, ते निराळं. जेवणाचं निराळं."

"मग बाबुराव, दुसरीकडे जेवा," बाई म्हणाल्या. फडकं त्यांनी उचललं नाही. "जे पातेल्यात आहे तेच फळ्यावर राहील."

बाबुराव गेला आणि त्याच्यामागं सातजण. धोंडू तेवढा मान खाली घालून बसून राहिला आणि म्हणाला, "वाढा."

चार वाजता, लतिकाकडून फळ्याचं ऐकून, जाईबाई आल्या, दारातच थांबल्या. पन्नाशीची, उभ्या अंगाची बाई. कौसल्याबाईंनी हात धरून आत आणलं, बाकावर बसवलं, पुढ्यात जवळा-भाकरी ठेवली आणि त्यांचे पाय धरायला वाकल्या. "तुझे उपकार कसे फेडू बाय? माझं लेकरू भरल्या पोटानं गेलं."

जाईबाईंनी पाय झटकन मागं घेतले. ताटाकडे पाहीनात.

"उपकार काढू नका. तो यायचा नव्हताच मोर्चाला. मला म्हणाला, आई रागावलीय, जेवतो नि घरी जातो, तिची समजूत काढतो. मीच म्हटलं, अरे, आईचा राग काय, रात्री जाईल. सगळी चाळ निघालीय, चल आमच्याबरोबर." त्यांनी पदर तोंडाशी धरला. "मी बोलले नसते तर तो तुमच्याकडे आला असता."

चुलीवरचं आधण उतू जात होतं. कुणी उठलं नाही. तिला घालवून द्यावं असं कौसल्याबाईंना एकदा वाटलं, अगदी जिभेवर आलं. मग त्यांनी दुसरं पान घेतलं, जाईबाईंच्या शेजारी मांडलं आणि स्वतःसाठी वाढून घेतलं.

"जेव," त्या म्हणाल्या. "माझ्या ताटावरून आता कुणी उपाशी उठायचं नाही."