सरकपट्टीचा ताबा

निवृत्तीचं पत्र लिहायला बसलो आणि ते अकरा पानांचं झालं. "मृत्युपत्रसुद्धा कुणी एवढं लांबवत नाही," बायको म्हणाली. तिने ते वाचलंही नव्हतं, नुसती प्रिंटरपाशी उभी होती.

निवृत्ती नोकरीतून नव्हे हो. नोकरी चालू आहे, तिथे माझ्यावाचून काही अडत नाही हे साहेबांनी मला अनेकदा सांगितलंय. निवृत्ती सरकपट्टीतून. सिनेमात माणूस बोलून मोकळा होतो आणि खालची अक्षरं मागाहून येतात, तेव्हा ती अक्षरं पुढेमागे सरकवून जागेवर बसवणारा हा माझा छोटासा प्रोग्रॅम. फुकट आणि ओपन सोर्स. म्हणजे कोड सगळ्यांसाठी उघडा. कुणीही वाचावा, कुणीही दुरुस्ती पाठवावी. फक्त ती दुरुस्ती आत घ्यायची की नाही, हे सांभाळणारा ठरवतो. एकोणीस वर्षं तो सांभाळणारा मी. ऐकू न येणाऱ्या मुलांच्या बऱ्याच शाळा आता सरकपट्टीवर चालतात, आणि हे मी लग्नकार्यात ओळख करून देताना न विचारता सांगतो.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला, डॉक्टर म्हणाले स्क्रीन कमी करा, आणि मी वारसदार नेमले. एक अशाच एका शाळेत शिकवते, तिला मी मास्तरीणबाई म्हणतो. दुसरा एका हॉटेलच्या रिसेप्शनवर बसतो आणि पाहुणे नसतील तेव्हा कोड लिहितो. दोघांनाही मी प्रत्यक्ष पाहिलेलं नाही, पण दोघांचे स्वल्पविराम कुठे चुकतात ते मला पाठ आहे.

पत्रात मी काहीही सोडलं नव्हतं. "तक्रार आली की दोन दिवसांत निदान पोच द्यावी, भले उत्तर माहीत नसो. नवी आवृत्ती काढताना काय बदललं ते माणसाला कळेल अशा भाषेत लिहावं. कुणी सुरक्षेतली फट गुपचूप कळवली तर चारचौघांत चर्चा करू नये. आधी दुरुस्ती बाहेर काढावी, मग बोलावं. वेबसाइटच्या नावाचं नूतनीकरण दरवर्षी करावं. उद्धट लोकांना एकदा समजावावं, दुसऱ्यांदा दार दाखवावं." ही कामांची यादी. मग अधिकारांची यादी. ती वाचून मास्तरीणबाईंनी एका ओळीचं उत्तर पाठवलं.

"काका, पत्र फार सुंदर आहे. पण कामं सगळी आमच्याकडे आणि किल्ल्या सगळ्या तुमच्याकडे, असं का?"

मला राग आला. एवढ्या मायेने लिहिलेलं पत्र! मी पुन्हा उघडून पाहिलं. कोडच्या कोठाराचा मुख्य ताबा: सध्या माझ्याकडे. नवी आवृत्ती प्रसिद्ध करण्याचा हक्क: सध्या माझ्याकडे. वेबसाइटचं नाव: सध्या माझ्याकडे. शिवाय मी फार पूर्वी एक नियम घालून ठेवला होता की कुठलाही बदल माझ्या मंजुरीशिवाय आत जाणार नाही. तो नियम ज्या फायलीत आहे तिलाही तोच नियम लागू. मास्तरीणबाईंनी त्या फायलीतून माझं नाव काढण्याचा बदल पाठवला होता. साहजिकच, त्याला मंजुरी मीच द्यायची होती. मी तो तीनदा परत पाठवला. एकदा तर शेवटी रिकामी ओळ नाही म्हणून. लाज वाटली पाहिजे होती, पण मला वाटलं मी शिस्त लावतोय.

त्यातच ऑपरेशनची तारीख आली. बुधवारी उजवा डोळा झाला, पट्टी बसली. डाव्याने सगळं दुधातून पाहिल्यासारखं दिसत होतं. गुरुवारी दुपारी रिसेप्शनवाल्याचा फोन आला. आमचं फोनवर कधी बोलणं नव्हतं.

"काका, त्रास देतोय, सॉरी. ती फट आहे ना, वेडीवाकडी फाइल दिली की सरकपट्टी सगळी मेमरी खाते आणि मशीन गार पडतं, ती ज्याने कळवली तो उद्या जाहीर करणार आहे. मुदत आधीच एकदा वाढवून दिलीय त्याने. दुरुस्ती तयार आहे. आम्ही दोघांनी तपासलीय, चाचण्या सगळ्या पास आहेत. पण..."

"पण काय?"

"मंजुरी तुमची लागते."

मग म्हणाला, "मास्तरीणबाई म्हणतात, उद्यापर्यंत सुटलं नाही तर आम्ही कोडची प्रत घेऊन दुसऱ्या नावाने वेगळं चालवतो. मला नकोय तसं, काका. पण मीही जाईन त्यांच्याबरोबर."

वेगळं चालवायचं म्हणजे घराची वाटणी. शाळांना कळायचं नाही कुठलं खरं, निम्म्या जुनंच वापरत राहतील, आणि ते जुनं उद्यापासून कुणीही येऊन पाडू शकेल. मी बायकोला हाक मारली. तिने लॅपटॉप मांडीवर घेतला, मी सांगत गेलो, माझ्या फोनवर आलेला लॉगिनचा कोड तिने वाचून घातला आणि दुरुस्तीचं पान उघडलं.

"आता दाब मंजुरी," असं म्हणायचं सोडून मी म्हणालो, "वाचून दाखव."

बिचारीने वाचलं. "जर, कंस, लांबी, मोठी कमाल, कंस बंद..."

"कंसाआधी जागा एक आहे की दोन?"

तिने लॅपटॉप मिटला. "हे त्या दोघांनी तपासलंय ना?"

"हो."

"त्यांना कळतं ना यातलं?"

"माझ्यापेक्षा बरं कळतं."

"मग तू काय तपासतोयस?"

खरं उत्तर असं होतं की मी अजून लागतो का, ते तपासत होतो. ते मी बोललो नाही. ती सत्तावीस वर्षं माझ्याबरोबर आहे, तिला ऐकू आलंच.

"उघड," मी म्हणालो. "दे मंजुरी. ती नाव काढायची फाइलपण काढ, तिलाही दे. सगळंच करून टाकू, नाहीतर सकाळपर्यंत माझं डोकं परत फिरेल."

मग दुपारभर तेच. दोघांना कोठाराचे पूर्ण मालक केलं, त्यांनी निमंत्रण स्वीकारेपर्यंत थांबलो. प्रसिद्धीचा हक्क दिला. वेबसाइटच्या नावाचं कुलूप काढून हस्तांतराचा कोड मास्तरीणबाईंना पाठवला. आवृत्तीवर करायच्या डिजिटल सहीची माझी खासगी किल्ली मात्र दिली नाही, आणि यावेळी तो कंजूषपणा नव्हता. ती कुणालाच द्यायची नसते. त्यांनी आपापल्या बनवल्या, त्या खऱ्या असल्याची ग्वाही मी माझ्या किल्लीने दिली आणि यापुढे माझी सही ग्राह्य धरू नये असं जाहीर केलं. अकरा पानांतल्या "सध्या माझ्याकडे" या ओळी बायकोने एकेक करून खोडल्या. फार आनंदाने खोडल्या.

संध्याकाळी नवी आवृत्ती बाहेर पडली. सही मास्तरीणबाईंची. काय बदललं ते इतकं सोपं लिहिलं होतं की बायकोला पहिल्या वाचनात समजलं. माझं लिहिलेलं तिला कधी समजलं नव्हतं.

शेवटी मालकांच्या यादीतून स्वतःला काढायचं राहिलं होतं. 'नक्की?' असं यंत्राने विचारलं. मी म्हटलं, हो म्हण बाई पटकन. तिने दाबलं. मग मी, उगीच, सवयीने, तिला म्हणालो की एकदा सेटिंगचं पान उघडून बघ, सगळं नीट आहे ना.

तिने उघडलं आणि वाचलं, "पान सापडलं नाही. असं पान अस्तित्वात नाही."

"आहे गं," मी म्हणालो. "ज्यांना हक्क नाही त्यांना तसंच सांगतात."

आणि मला रडू आलं. चांगलं हुंदके देऊन.

"अरे, डोळ्याला पाणी लावायचं नाही, डॉक्टरांनी बजावलंय!"

"ते नळाच्या पाण्याबद्दल म्हणाले होते," मी म्हणालो, आणि तिने लॅपटॉप बाजूला ठेवून माझं डोकं खांद्यावर घेतलं.