पत्र कोण वाचणार?

भाषांतर करणाऱ्या मनस्विनीबाईंनी पिशवीतून छापील प्रश्नांचा कागद काढला, तेव्हाच नानासाहेबांच्या कपाळावर आठ्या पडल्या. एका पानाचं पत्र जर्मनमध्ये करायला या बाईंना दीड पानाचे प्रश्न कशाला लागतात, हे त्यांच्या पचनी पडेना. चिकलठाण्यातल्या त्यांच्या कारखान्याच्या केबिनमध्ये एप्रिलचं ऊन पडद्यातून आत येत होतं. बाहेर ट्रक उभा होता. पाच वाजता तो माल घेऊन बंदराकडे निघणार होता, आणि आत्ता पावणेतीन झाले होते.

सावनी टेबलाच्या कडेला फाईल धरून बसली होती. परदेशचा पत्रव्यवहार आणि माल रवाना करण्याचे कागद दोन वर्षं तीच बघत होती. पत्राचा इंग्रजी मसुदाही तिनंच केला होता, नानासाहेब सांगतील तसा.

झालं होतं असं. यंदाच्या दुष्काळात कारखान्यांचं पाणी कमी झालं होतं. शहरात नळाला पाणी येण्याची लोक वाट बघत बसत, आणि रस्त्यापलीकडे नव्या इमारतींवर मजले मात्र खुशाल चढत होते. नानासाहेबांच्या कारखान्यात लोखंडी ब्रॅकेटवर जस्ताचा मुलामा चढे. मुलाम्यानंतर माल तीन वेळा धुवायचा, असं जर्मन गिऱ्हाइकानं ठरवून दिलेलं. पाणी पुरेना, म्हणून माल दोनदाच धुवायला लागले. गिऱ्हाइकाचे खरेदी अधिकारी केलर यांना नानासाहेबांनी फोनवर हे सांगितलं. ते म्हणाले, ठीक आहे, लिहून पाठवा, पण अशा बदलाच्या बाबतीत आमचा दर्जा विभाग जर्मनमध्येच कागद मागतो. नानासाहेबांच्या वडिलांनी शहागंजात धान्याचा व्यापार केला होता. तिथं शब्द दिला की विषय संपला. त्यामुळे केलरनी होकार दिला आणि पत्र म्हणजे नुसता उपचार, असं नानासाहेब धरून चालले होते. केलरचं 'ठीक आहे' फक्त 'लिहून पाठवा' एवढ्यापुरतं होतं, हे त्यांच्या कानापर्यंत पोचलंच नव्हतं.

"पत्र कोण वाचणार?" मनस्विनीबाईंनी पहिला प्रश्न विचारला.

"केलरसाहेब. दुसरं कोण? माझ्या घरी जेवून गेलाय तो माणूस. मऊ भाषेत लिवा, घरच्यासारखं."

"त्यांच्याशी अहो-जाहो आहे की अरे-तुरे? जर्मनमध्ये दोन्ही वेगळं आहे, आधी ठरवावं लागतं. आणि केलरनंतर कुणाकडे जाणार?"

नानासाहेबांनी सावनीकडे बघितलं. सावनी म्हणाली, "दर्जा विभागाच्या प्रमुखांकडे. त्यांना आपण कधी भेटलेलो नाही."

"मग निर्णय त्यांचा. ते तुमच्या घरी जेवलेले नाहीत. अहो-जाहोच ठेवते, दुष्काळाचं दोन ओळींत सांगते, बाकी सरळ. चालेल?"

नानासाहेबांनी मान हलवली, पण मनापासून नाही. पत्राची सुरुवात जुन्या स्नेहानं झाली पाहिजे, मग पावसाची कैफियत, मग हळूच मधे मुद्दा, असा त्यांचा शिरस्ता. मुद्दा पाहुण्यासारखा दाराबाहेर ताटकळवायचा, यालाच ते सभ्यपणा म्हणत.

"आता शब्द," बाई म्हणाल्या. "ब्रॅकेटला, धुण्याला, मुलाम्याला त्यांच्या कागदांत जे शब्द आहेत तेच वापरायचे, मी माझे घालणार नाही. जुनी पत्रं आणि त्यांचं पुरवठादारांसाठीचं नियमांचं पुस्तक दाखवता?"

"पुस्तक नाय. ते खाजगी आहे," नानासाहेब म्हणाले.

"गोपनीयतेच्या करारावर सही करूनच मी आत आले, साहेब."

सावनीनं फाईल पुढं सरकवली. बाईंनी पानं चाळली, एका पानावर बोट ठेवलं आणि मसुदा शेजारी ठेवला.

"मसुद्यात आहे, 'आम्ही धुण्याची पद्धत अलीकडे बदलली आहे, याची नोंद घ्यावी.' म्हणजे ही सूचना झाली. पण यांच्या पुस्तकात तात्पुरत्या बदलासाठी वेगळा अर्ज आहे, त्याला वेगळं नावही आहे. परवानगी लेखी यायच्या आधी माल निघायचा नाही, आणि परवानगीचा क्रमांक खोक्यावर हवा. तुम्ही कळवताय की विचारताय? दोन्ही पत्रं वेगळी होतील."

"केलरनी शब्द दिलाय ना, बाई."

"तसं असेल तर तसं लिहीन. मजकूर तुमचा, मी त्यात काही घालत नाही आणि काढतही नाही. फक्त 'अलीकडे' म्हणजे कधीपासून, ते सांगा. वाचणारा तारीख विचारणारच."

तारीख सावनीला पाठ होती. बदल एकवीस दिवसांपूर्वी झाला होता. मधल्या काळात एक खेप जहाजावर चढलीही होती. दर्जा तपासनीस साहेबराव रजेवर होते, म्हणून 'सर्व माल मान्य पद्धतीनुसार' या दाखल्यावर नानासाहेबांच्या सांगण्यावरून सावनीनं सही केली होती. तेव्हा तिनं पेन उचलायलासुद्धा वेळ लावला नव्हता. आजची तारीख सांगितली तर जहाजावरच्या मालाकडे कुणी बघणार नाही. खरी सांगितली तर पहिला कागद तिच्या सहीचा निघेल. नोकरी गेली तर घरी काय सांगायचं?

"आजपासून लिवा," नानासाहेब म्हणाले.

बाईंनी पेन टेकवलं. सावनीला वाटलं, आता गप्प बसलं की झालं. बाईंना काय कळणार आहे. पण मग तिला तो न भेटलेला दर्जाप्रमुख आठवला. तो माणूस हे पत्र खरं मानून खोकी उघडणार होता.

"आजपासून नाही," ती म्हणाली. "एकवीस दिवस झाले. एक खेप जहाजावर आहे. तिच्या दाखल्यावर माझी सही आहे."

नानासाहेब उठून खिडकीशी गेले. खाली हमाल ट्रकवर ताडपत्री ओढत होते.

"पुस्तकात असं लिवलंय, हे कुणी सांगितलं नाय मला," ते म्हणाले. कुणी सांगितलं असतं तर त्यांनी ऐकलं असतं, यावर त्यांचा स्वतःचाही विश्वास नव्हता. तोंडावरून तसं दिसत होतं.

मनस्विनीबाई शांतपणे म्हणाल्या, "मग विचारणारं पत्र करते. बदलाची तारीख, जहाजावरची खेप आणि इथला थांबलेला माल. माल थांबलाय ना?"

नानासाहेबांनी खिडकी उघडली आणि खाली हमालाला हाक दिली, "कडूबा, ताडपत्री काढ. गाडी जायची नाय आज." मग ते परत खुर्चीत बसले, एकदम थकल्यासारखे. गिऱ्हाईक गेलं तर कारखान्याचं निम्मं काम जाणार होतं, आणि ते आता त्यांच्या हातात राहिलं नव्हतं.

"मसुदा नवा करून सावनीला पाठवा," ते म्हणाले. "शंका आली तर तिलाच इचारा. मला नको."

बाईंनी कागदावरच्या शेवटच्या रकान्यावर पेन ठेवलं. "खाली नाव कुणाचं? दाखल्यावर सावनी मॅडमचं आहे, म्हणून पत्रावरही त्यांचंच हवं का?"

"माझं," नानासाहेब म्हणाले. "आन् आत एक ओळ घाला. दाखल्यावर सही करायला तिला मी सांगितलं होतं. ही ओळ मऊ करू नका, बाई. जशी हाय तशीच जाऊ द्या."