शंभरातले दीड

धीमंत सोढाच्या घरात शंभर माणसं राहायची, असं सांगितलं तर तुम्ही मला खोटारडा म्हणाल. इंग्लंडात, लेस्टरातल्या त्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एक माणूस वळला तरी कोपर फ्रीजला लागतं. पण राहायची खरी.

ती आली दवाखान्यातून. बायको सोडून गेल्यावर धीमंतनं भाग बदलला, नव्या दवाखान्यात नाव घातलं, आणि तिथल्या मॉरीन नर्सनं नव्या पेशंटची रीतसर तपासणी केली. रक्त आधीच दिलं होतं. मॉरीननं दंडाला पट्टा गुंडाळला, वजन-उंची घेतली आणि कॉम्प्युटरसमोर बसली.

"वय चौतीस. सिगरेट?"

"नाही."

"मूळचा भारतीय, हो ना रे बदका?" त्या गावात लहानथोर सगळ्यांनाच बदक म्हणतात; रागवायचं नसतं. "आईवडील, भाऊबहीण, कुणाला साठीच्या आत हार्ट अटॅक? छातीत दुखणं?"

"नाही. वडील अपघातात गेले. गाडीच्या."

"अरेरे," म्हणत तिनं ती चौकट रिकामी सोडली. कोलेस्टेरॉलचं गुणोत्तर पाच पॉइंट आठ, वरचं प्रेशर एकशे अडतीस. दोन्ही जरा चढेच. तरी बटण दाबल्यावर आकडा आला दीड टक्का.

पडद्यावर शंभर चेहरे उमटले. हसरे पिवळे, दोनच लाल.

"तुझ्यासारखे शंभर पुरुष घेतले," मॉरीन म्हणाली, "तर येत्या दहा वर्षांत त्यांतल्या एकदोघांना झटका येईल, नाहीतर पक्षाघात. तो तू की दुसरा, ते हे यंत्र सांगत नाही. आणि तुझ्या वयाला आकडा लहानच येतो, बरं का. त्यावर नाचू नकोस. छातीत कधी दुखलं तर हा आकडा विसरायचा आणि सरळ अ‍ॅम्ब्युलन्स बोलवायची."

धीमंतनं यातलं फक्त 'दीड' ऐकलं. कागद छापून घेतला आणि फ्रीजवर चिकटवला. शाळेत कधी मिळालं नव्हतं तसं प्रशस्तिपत्रक.

आणि ते शंभरजण घरात शिरले. एकट्या माणसाला काय, सोबत कुठूनही चालते. दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांच्या नाकावर फ्रेमी बसवून तो परत यायचा, डब्यातली खिचडी गरम करायचा आणि त्यांना विचारायचा, "काय मंडळी, आज कसं काय?" सगळे चौतिशीचे, सगळे त्याच्याच प्रेशरचे. अठ्ठ्याण्णव जण सोफ्यावर आरामात बसायचे. ते दोघे लाल मात्र दारापाशी उभे असत. त्यांच्याकडे धीमंत बघायचा नाही. पाहुणे नाहीत, दारावरचे फेरीवाले, असं त्यानं ठरवून टाकलं होतं.

महिन्याभरानं रविवारी तो फईकडे जेवायला गेला. हंसाफई, बापाची धाकटी बहीण. ही बाई बोलायला लागली की शेजारचे रेडिओ बंद करत. तिच्या पुढं टिकणार कोण? युगांडातून निघताना विमानात बोलायला लागली ती लेस्टरला उतरली तरी वाक्य संपलं नव्हतं, असं गावात सांगतात.

"फई, दीड टक्का!" धीमंतनं फोनमधला फोटो दाखवला. "दहा वर्षं काळजी नाही. घरात हार्टचं कुणाला नाही म्हणून."

फईच्या हातातला डाळढोकळीचा डाव वाटीवर थांबला. धीमंतला आयुष्यात पहिल्यांदा तिच्या घरातल्या घड्याळाचा आवाज ऐकू आला.

"त्यांनी विचारलं होतं?" ती म्हणाली. "घरात कुणाला, असं?"

"हो. मी नाही म्हटलं."

"दीकरा, तुझ्या बापाला अपघात नव्हता झाला रे." तिनं डाव खाली ठेवला. "मेल्टन रोडला गाडी कडेला घेतली त्यानं. हँडब्रेक ओढला. इंडिकेटर लावला. मग गेला. मागून एक व्हॅन हळूच घासली, तेवढाच पोचा. डॉक्टरनं हार्टच लिहिलं होतं."

"मग आजवर..."

"माझं लग्न ठरत होतं. तिशी उलटलेली मी. तुझे आजोबाही कंपालात असेच गेले होते, चाळिशीतच. सासरकडच्यांनी ऐकलं असतं, या घराचं हृदयच कच्चं, तर पोरगी कोण नेणार? बा, तुझी आजी, म्हणाली, पोचा आहे ना गाडीला? मग अपघात. आणि तेच सांगत राहिलो. तुला, तुझ्या बहिणीला अवनीला. सांगता सांगता मलाही खरं वाटायला लागलं."

"किती वर्षांचे होते?"

"त्रेचाळीस."

धीमंतनं ढोकळी संपवली. फईनं आणखी वाढली, तीही संपवली.

पुढच्या आठवड्यात तो डॉक्टर रीसच्या समोर बसला होता. हा वेल्शमन इतका उंच की खुर्चीत बसला तरी उभाच वाटायचा. त्यानं एकच रिकामी चौकट भरली आणि बटण दाबलं. तीन पॉइंट तीन.

धीमंत पडद्याकडे बघत राहिला. "तीनच?"

"दुपटीहून जास्त झालं की, साहेब."

"मी आख्खा बाप आणला तुमच्यासाठी. आणि तीन?"

रीस हसला नाही. "यंत्राला तुमचा बाप दिसत नाही. त्याला फक्त 'साठीच्या आत, हो' दिसतं. एकोणसाठाव्या वर्षी गेला काय, त्रेचाळिसाव्या काय, खूण तीच. आजोबांना तर चौकटच नाही. तुम्ही भारतीय आहात हे ते धरतं, आकडा वाढवतं. पण तीही एक सरासरीच. तुमच्या घराण्याचं त्याला काही ठाऊक नाही."

"दहा टक्क्यांच्या खाली आहे ना पण? दहाच्या वर कोलेस्टेरॉलची गोळी, असं मॉरीन म्हणाली."

"दहाच्या वर गोळी सुचवतोच. खाली असेल तर विषय बंद, असं कुणी म्हटलेलं नाही. यात सगळ्यात मोठं वजन वयाचं. चौतिशीच्या माणसाला हे दहाच वर्षं पुढं दाखवतं, चव्वेचाळीसपर्यंत. त्यापलीकडची तीसचाळीस वर्षं तुम्हाला जगायची आहेत ना?" त्यानं पडद्याच्या कोपऱ्यातल्या दुसऱ्या आकड्यावर पेन टेकवलं. "हे बघा. हृदयाचं वय. तुमच्याच वंशाच्या निरोगी पुरुषाचा धोका ज्या वयाला तुमच्याएवढा होतो, ते."

सेहेचाळीस.

बाप जिथं थांबला, त्याच्या तीन वर्षं पुढं पोराचं हृदय जाऊन बसलं होतं. एकटंच.

रीसनं काम लावून दिलं: घरी आठवडाभर प्रेशर मोजायचं, साखर तपासायची, आणि रक्तात घराण्यातून येणारी एक चरबी असते तीही बघायची. मग गोळीचं दोघांनी मिळून ठरवायचं. "आणि बहीण आहे म्हणालात? तिनंही हेच उत्तर दिलं असणार. अपघात."

अवनी टोरांटोला. आईच्या दागिन्यांवरून भांडण झालं तेव्हापासून बोलणं नाही.

घरी येऊन त्यानं फ्रीजवरचा कागद काढला. सत्त्याण्णव जण सोफ्यावर होतेच, पण दारापाशी आता तिघं लाल होते. या वेळी त्यानं त्यांच्याकडे नीट बघितलं. एकाच्या मिशा ओळखीच्या वाटल्या. "या की आत," तो म्हणाला, आणि खुर्ची ओढून दिली. हे मात्र मी बघितलेलं नाही. पण खुर्ची ओढलेली होती खरी.

मग त्यानं फोन लावला. घंटा वाजत राहिली, यंत्र बोललं: निरोप ठेवा.

"अवनी, मी धीमंत. दागिन्यांचं नाहीये. डॉक्टरकडे जा, आणि पप्पांचं विचारलं तर अपघात म्हणू नकोस. हार्ट होतं. त्रेचाळीसला." त्यानं फोन दुसऱ्या कानाला लावला. "इंडिकेटर लावला होता गं त्यांनी. गाडी कडेला घेऊन."

फोन ठेवला. खिचडी गरम केली आणि फोन ताटाशेजारी उलटा न ठेवता, पडदा वर करून ठेवला.